‘आम्ही’ या शब्दाची माफी

गेल्या दिवाळीनंतर माझं एका मैत्रिणीशी भांडण झालं. सगळं भांडण फोनवरच्या मेसेजमध्ये झालं, मोजून सात-आठ मेसेज असतील. त्यानंतर चार महिने आम्ही एकमेकींशी बोललो नाही. हे तिला विचारून लिहितेय. ‘लिही, पण माझं नाव नको,’ असं ती म्हणाली, म्हणून नाव देत नाही.

आम्ही दोघी बीएडला एकत्र होतो. तेव्हा बीएड एका वर्षाचं असायचं, पण त्या एका वर्षात पाठ टाचणं आणि शैक्षणिक साधनं करत आम्ही इतक्या रात्री जागलो की तिच्या घरी माझ्यासाठी एक ताट ठरलेलंच असायचं. तिच्या आईला मी काकू म्हणते. रमजानात काकू मगरिबची वेळ माझ्या आधी लक्षात ठेवायच्या. पुढे मैत्रीण लग्न होऊन बंगळुरूला गेली, तिथे इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवू लागली. मी सोलापुरातच राहिले. उर्दू शाळेत मुलांना उर्दूही शिकवते आणि मराठीही. काकू आता एकट्या राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्यांना सांभाळायला एक मावशी ठेवल्या आहेत. मी आठवड्यातून दोनदा जाऊन येते.

त्या दिवशी मावशी न सांगता सुट्टीवर गेल्या होत्या. मी संध्याकाळी पोचले तर काकूंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी वरणभात लावला, त्यांना भरवलं, आणि घरी येताना रिक्षात बसल्या बसल्या मैत्रिणीला लिहिलं: ‘पैसे पाठवून काळजी घेतली जात नाही. आम्ही इथे आहोत म्हणून चाललंय.’

तिचं उत्तर इंग्रजीत आलं, ‘थँक यू फॉर द सर्टिफिकेट.’ ती बोलते मराठीत, पण पंधरा-सोळा वर्षांपासून मेसेज इंग्रजीत लिहिते. तिचा फोन, तिची शाळा, तिची मुलं, सगळं इंग्रजीत आहे. मग मी आणखी काही लिहिलं, तिने आणखी काही लिहिलं. तिचा शेवटचा मेसेज मात्र मराठीत होता, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेला: ‘तुम्ही सगळे आहात तर माझी काय गरज.’

ते ‘तुम्ही’ वाचून मी हादरले. वीस वर्षांहून जास्त काळ जिने मला ‘तू’शिवाय हाक मारली नाही, ती मला ‘तुम्ही’ म्हणाली! मला वाटलं, हिने मला परकं केलं. मी फोन उशीखाली ठेवला आणि पुढचे चार महिने स्वतःला सांगत राहिले की बोलले ते खरंच होतं, सुरुवात तिने करावी.

या चार महिन्यांत आम्ही एकमेकींना काहीच पाठवलं नाही असं नाही. संक्रांतीला तिच्याकडून तिळगुळाचं चित्र आलं, ज्यावर गोड बोला असं लिहिलेलं असतं ते. शबे-बरातच्या संध्याकाळी मी तिला ‘कहा-सुना माफ’चा मेसेज पाठवला. आपल्यापैकी बहुतेकांना हा मेसेज माहीत आहे. जाणता-अजाणता काही बोललो असू, मन दुखावलं असेल, तर या मुबारक रात्री माफ करा. यादीतल्या सगळ्यांना एकदम जातो. मी तो नणंदेला पाठवला, मुख्याध्यापकांना पाठवला, गॅसवाल्याला पाठवला आणि तिलाही पाठवला. पाठवताना मला खरोखर वाटलं की मी पाऊल उचललं. तिच्याकडून जोडलेले हात आले, बस्स. ते चित्र आता नमस्कारालाही चालतं, आभारालाही, शोकालाही, आणि ‘आता पुरे’ म्हणायलाही. त्यापुढे काही लिहिताच येत नाही.

मला त्या रात्री तिचा राग आला होता. आता वाटतं, तिने बरोबर केलं. जी माफी गॅसवाल्यालाही लागू पडते ती तिच्यासाठी कशी असेल? त्या मजकुरात ‘काही बोललो असू’ आहे. काय बोललो ते नाही. मजहबने आपल्याला रूसवा तीन दिवसांच्या वर लांबवू नका आणि जो आधी सलाम करतो तो बरा, असं शिकवलंय, ते आपण घाऊक मेसेजवर भागवून टाकतो. जैन शेजाऱ्यांकडून मिच्छामि दुक्कडम् येतं, संक्रांतीला गोड बोला येतं, आपल्याकडून कहा-सुना माफ जातं. सण चांगलेच आहेत. पण ज्याला खरोखर दुखावलंय त्याचं नाव त्या यादीतून काढून वेगळा मेसेज लिहायला हवा. तो लिहायला मला आणखी तीन आठवडे लागले, आणि त्यातला बराचसा वेळ शब्दांवर गेला. त्याबद्दलच मला सांगायचंय.

पहिला खर्डा असा होता: ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. माझ्याकडून रागात बोललं गेलं. मी काळजीपोटीच बोलले होते पण तुझा गैरसमज झाला.’ वाचायला किती नम्र! मी तो पाठवणारच होते. पण ती मेसेज इंग्रजीत वाचते-लिहिते, म्हणून मनात आलं की हेच तिच्या भाषेत कसं दिसेल बघू. वहीत एकेका वाक्याचं इंग्रजी केलं. माझं इंग्रजी बेताचं आहे, आणि इथे ते कामाला आलं, कारण बेताच्या इंग्रजीत सजावट करता येत नाही. कोणी काय केलं तेवढंच उरतं.

‘माझ्याकडून बोललं गेलं’ याचं इंग्रजी होईना. ‘इट गॉट सेड बाय मी’ लिहिलं आणि मलाच हसू आलं. मराठीत हे वाक्य अगदी सभ्य आहे, आपण ते रोज वापरतो. कप फुटला, उशीर झाला, बोललं गेलं. जणू बोलणं माझ्या तोंडून आपोआप सांडलं. इंग्रजीत सरळ ‘आय सेड इट’ म्हणावं लागतं. ते परत मराठीत आणलं की होतं: ‘मी बोलले.’ दोन शब्द. हे दोन शब्द लिहायला जितकं जड गेलं, तितकी मी त्या ‘बोललं गेलं’मागे लपले होते.

‘काळजीपोटीच’ मधला ‘च’ इंग्रजीत गेलाच नाही. इंग्रजीत त्याला जागा नाही. नीट बघितलं तर त्या एका अक्षरात माझा सगळा हट्ट बसला होता: मी चांगल्याच हेतूने बोलले, तूच वाकडं घेतलंस. हेतू सांगायचा असेल तर ‘मला काकूंची काळजी वाटत होती’ असं ‘च’ शिवाय सांगता येतं, आणि तेही या मेसेजमध्ये नको, नंतर कधीतरी.

‘गैरसमज झाला’ हे मात्र दोन्ही भाषांत सारखंच गोड लागतं, इंग्रजीत ‘मिसअंडरस्टँडिंग’. म्हणजे ही तपासणी सगळं पकडत नाही. ‘वाईट वाटलं असेल तर’ हेही तसंच, इंग्रजीतही ‘इफ यू फेल्ट बॅड’ अगदी सहज म्हणतात. जिथे दोन्ही भाषांत पळवाट एकाच जागी आहे, तिथे भाषांतर करून उपयोग नाही, स्वतःलाच विचारावं लागतं. मी विचारलं: तिचा गैरसमज झाला का? नाही. मी टोचायला लिहिलं होतं आणि तिला टोचलं. तिला बरोबर समजलं होतं. ‘असेल तर’ कशाला? चार महिने ती बोलली नाही, ‘असेल’ची शंका कुठे उरली?

मग उलट दिशेने गेले. आधी इंग्रजीत लिहायचं आणि मग मराठीत आणायचं. इंग्रजीत पहिल्यांदा सुचलं, ‘आय फील टेरिबल.’ इंग्रजी मालिकांत असंच म्हणतात. मराठीत ते झालं: ‘मला फार वाईट वाटतंय.’ हे मराठीत पाठवलं असतं तर घोटाळा झाला असता. आपण ‘मला वाईट वाटलं’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा समोरच्याने आपल्याला दुखावलेलं असतं. म्हणजे माझी माफी तिला तक्रार म्हणून पोचली असती. शिवाय इंग्रजीतही ते वाक्य माझ्याबद्दलच आहे, माझं दुःख, माझा त्रास. तिने माझंच सांत्वन करावं अशी त्यात मागणी आहे. तेही खोडलं.

‘सॉरी’बद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. आपल्यातले काही भाषाप्रेमी सॉरीवर फार चिडतात. मला तो शब्द मराठीच वाटतो, बसमध्ये पाय पडला तर त्याच्यासारखा शब्द नाही. पण तो लहान कामाचा शब्द आहे. इंग्रजीत तो दुःखालाही चालतो आणि चुकीलाही. कुणाची आई गेली तरी सॉरी, चहा सांडला तरी सॉरी. मराठीत आपण तो घेतला तो चहा सांडल्याचा. मोठ्या गोष्टीला सॉरी म्हटलं की ती गोष्ट चहाएवढी होते. आपल्याला माफी मागताना लाज वाटते तेव्हा आपण हळूच सॉरीकडे वळतो, कारण ‘माझं चुकलं’ म्हणताना घसा दाटतो आणि ‘सॉरी यार’ म्हणताना दाटत नाही.

मग कुठला शब्द घ्यायचा? ‘क्षमस्व’ हा आता दुकानाच्या दारावरच्या पाटीचा शब्द झालाय. ‘दिलगीर आहे’ हा नगरपालिकेचा. (उर्दूत दिलगीर म्हणजे उदास, खिन्न. मराठीत येऊन तो गैरसोयीबद्दल पाणीपुरवठा खात्याला होणारा खेद झाला. वर्गात हे सांगितलं की पोरं खूप हसतात.) ‘माफ कर’ हा आपला, घरचा, मराठी-उर्दू दोन्हीकडचा शब्द. पण व्याकरणाने बघितलं तर ती आज्ञा आहे. काम तिला सांगितलंय: तू माफ कर. चार महिने गप्प बसून वर पुन्हा तिलाच काम सांगायचं, हे मला पटेना. ‘मी चुकले’ यात मात्र तिला काही करायचं नाही. इंग्रजीत ‘आय वॉज राँग’, तेही तितकंच सरळ. दोन्हीकडे कर्ता मी, क्रियापद माझं. हे ठेवलं.

अजून एक शब्द मला सापडायचा होता, आणि तो वर्गात सापडला.

सातवीच्या मुलांच्या निबंधाच्या वह्या तपासत होते. विषय होता सहल. एका मुलाने मला उद्देशून लिहिलं होतं, ‘बाई, आम्ही सहलीला गेलो तेव्हा तुम्ही आम्हाला भेळ दिली, मग आम्ही सगळे बसमध्ये गाणी म्हणालो.’ मी सहलीला होतेच, गाणीही म्हटली होती. मी लाल पेनाने दुसऱ्या ‘आम्ही’ला गोल केला आणि वर ‘आपण’ लिहिलं. आमच्या मुलांची ही ठरलेली चूक आहे. पुस्तकी उर्दूत दोन्हीला एकच ‘हम’ असतो. घरच्या दखनीत ‘अपन’ आहे खरा, पण मुलं लिहायला बसली की उर्दू पुस्तकातून भाषांतर करतात. मी दरवर्षी फळ्यावर समजावते: ज्याच्याशी बोलतोय तो आत असेल तर आपण, तो बाहेर असेल तर आम्ही. ‘आपण जेवू’ म्हणजे तूही ये. ‘आम्ही जेवतो’ म्हणजे तू नंतर बघ. इंग्रजीत हा फरक नाही, हिंदीत नाही, गुजरातीत आहे.

पेन हातात तसंच राहिलं. ‘आम्ही इथे आहोत म्हणून चाललंय.’

ज्या बाईशी बोलत होते तिची ती आई. तिचं ते घर. आणि मी लिहिलं होतं आम्ही. मी, मावशी, शेजारच्या वहिनी, आम्ही सगळे आत. तू बाहेर. चार महिने मी समजत होते की तिला पैशाचं वाक्य लागलं. पैशाचं लागलं असेलच. पण ज्या वाक्याने दार लावलं ते दुसरं होतं, आणि ते लिहिताना मला कळलंसुद्धा नव्हतं. मुलांच्या वहीत जो फरक मी लाल पेनाने दाखवते, तो माझ्या मेसेजमध्ये मला दिसला नव्हता. मग तिचा शेवटचा मेसेज पुन्हा काढून वाचला. ‘तुम्ही सगळे आहात तर माझी काय गरज.’ ते ‘तुम्ही’ मला आदरार्थी, परकं करणारं वाटलं होतं. पुढचा ‘सगळे’ मी वाचलाच नव्हता. ते अनेकवचन होतं. माझ्या ‘आम्ही’ला तिने दिलेलं उत्तर होतं. इंग्रजी लिहिणारी बाई तेवढ्या एका वाक्यासाठी मराठीत आली, कारण इंग्रजीच्या ‘यू’मध्ये एक माणूस की दहा, हे कळलं नसतं.

त्यामुळे माफी मराठीतच मागायची हे नक्की झालं. ज्या शब्दाने दुखावलं त्याचं नाव घ्यायचं तर तो शब्द जिथे आहे त्या भाषेत जावं लागतं. इंग्रजीत ‘आम्ही’ची माफी मागायला मला एक परिच्छेद लागला असता.

एका ठिकाणी मात्र मराठी अडली. मला म्हणायचं होतं की हे बोलायचा मला हक्क नव्हता. ‘मी कोण बोलणारी?’ लिहिलं. हे मराठीत कसं ऐकू येतं ते तुम्हाला माहीत आहे. रुसलेल्या आत्याबाई बोलतात तसं. ‘मला अधिकार नव्हता’ लिहिलं तर चौकशी समितीपुढचा जबाब वाटला. ‘आय हॅड नो राइट टू से इट’ हे इंग्रजी वाक्य मात्र साधं होतं, त्यात रुसवा नव्हता, कार्यालय नव्हतं. आणि ते तिच्या रोजच्या भाषेत होतं. ते तसंच ठेवलं. भाषा मिसळल्या म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. ज्या वाक्याला जी भाषा कमी खोटं बोलू देते, ते वाक्य त्या भाषेत लिहावं, असं माझं मत झालंय.

उरला एक व्यावहारिक प्रश्न, आणि तो मला माझ्या मुलीने दाखवला. मेसेज आला की बंद फोनवर आधी पहिले काही शब्द दिसतात. माझ्या खर्ड्याची सुरुवात होती, ‘काकूंच्या बाबतीत मला तुला…’ मुलगी म्हणाली, ‘अम्मी, चार महिन्यांनी तुझा मेसेज, आणि वर काकूंचं नाव! त्या मेसेज उघडायच्या आधीच घाबरतील.’ खरंच होतं. आईपासून लांब राहणाऱ्या माणसाला आईच्या गावाहून आलेला प्रत्येक मेसेज आधी तीच बातमी वाटतो. सुरुवात बदलली.

शेवटी जे पाठवलं ते असं:

‘काकू बऱ्या आहेत, काळजीचं काही नाही. हा मेसेज माझ्याबद्दल आहे. दिवाळीनंतर मी तुला लिहिलं की पैसे पाठवून काळजी घेतली जात नाही, आणि आम्ही इथे आहोत म्हणून चाललंय. हे मी लिहायला नको होतं. त्या ‘आम्ही’ने मी तुला तुझ्याच घराबाहेर उभं केलं. रोज संध्याकाळी तू फोन करतेस, औषधं, डॉक्टर, मावशींचा पगार, सगळं तू बघतेस, हे मला माहीत होतं आणि तरी मी तसं लिहिलं. मी चुकले. आय हॅड नो राइट टू से इट. उत्तराची घाई नाही. मी फोन करणार नाही, तुला वाटेल तेव्हा तू कर.’

यात ‘पण’ एकदाही नाही. काढायला कष्ट पडले, कारण माझ्याजवळ एक खरंखुरं ‘पण’ होतं. काकू तिची वाट बघतात. संध्याकाळचा फोन झाला की दहा मिनिटं गप्प बसतात, हे मी बघितलंय. ते खोटं आहे असं मी लिहिलं नाही, आणि ते पुन्हा सांगितलंही नाही. माफी मागायची म्हणून डोळ्यांनी बघितलेलं नाकारायला मी तयार नव्हते. पण माफीच्या मेसेजमध्ये ते घातलं असतं तर माफी फक्त प्रस्तावना झाली असती. ती गोष्ट सांगायला वेगळा दिवस हवा, आणि त्या आधी ती सांगायची जागा मला परत मिळायला हवी.

शेवटचं वाक्यही दोनदा बदललं. आधी ‘आपण बोलूया’ लिहिलं होतं. ‘आपण’ वापरायचा मोह फार होता, आत्ताच सापडलेला शब्द! मग वाटलं, तो मी कसा वापरणार? तिला बाहेर काढलं मी, आणि आत घेणारीही मीच? ‘आपण’ म्हणायचं की नाही हे आता तिने ठरवावं. रेकॉर्ड करून पाठवायचाही विचार केला होता. आवाजात ओलावा असतो हे खरं, पण माझा आवाज रडवेला झाला असता आणि तिला तो शाळेच्या मधल्या सुट्टीत, सहकाऱ्यांमध्ये ऐकावा लागला असता. लिहिलेलं माणूस हवं तेव्हा वाचतो, पुन्हा वाचतो, नको तर ठेवून देतो.

रात्री नऊला पाठवला. पाचच मिनिटांत निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी एक शब्द आला, ‘वाचलं.’ मी त्यावर काही लिहिलं नाही, हे त्या महिन्यातलं माझं सगळ्यात अवघड काम होतं. ‘इट्स ओके’ आलं असतं तर मला जास्त भीती वाटली असती. ते मराठीतल्या ‘जाऊ दे’सारखं आहे. विषय जातो, पण मनातून काही जात नाही.

चौथ्या दिवशी मोठा मेसेज आला. देवनागरीत, वेलांट्या-उकार चुकलेले. इतक्या वर्षांत तिने देवनागरीत टाइप केलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. ‘तुम्ही सगळे हे मी मुद्दाम लिहिलं होतं. तुला ते कळलं नाही याचं जास्त वाईट वाटलं. तू मराठी शिकवतेस.’ खाली वेगळ्या ओळीत: ‘मावशी रविवारी पुन्हा येणार नाहीत म्हणतात. मी शनिवारी उद्यानने निघतेय. हाडाच्या डॉक्टरकडे आपण दोघी घेऊन जाऊ.’

रविवारी सकाळी मी काकूंकडे गेले तेव्हा ती पोचलेली होती, ओट्यापाशी उभी राहून चहा करत होती. कुणी गळ्यात वगैरे पडलं नाही. ‘साखर कुठल्या डब्यात ठेवता?’ एवढंच तिने विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत काकू आतून म्हणाल्या, ‘हिला सगळं माहीत असतं, हिला विचार.’ मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. तिने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम दोन चुकीचे डबे उघडले.

दुपारी डॉक्टरकडच्या बाकावर बसून ती दहा मिनिटांच्या गप्प बसण्याबद्दल मी काहीही न सांगता बोलू लागली. तिला ते माहीत होतं. फोन ठेवल्यावर ती स्वतःही तशीच बसते म्हणाली. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की पंधरा दिवस येऊन राहील असं ठरलंय. ‘सर्टिफिकेट’ या शब्दावर मात्र आम्ही दोघी अजून काही बोललेलो नाही.